वस्तूमागचे काम सांगणारी चित्रओळ : सत्तरीतील बांबूकामाच्या संदर्भात

वाळपई हे सत्तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तेथील बाजारात सूप विकत घेणारी जुन्या पिढीतील शेतकरी स्त्री प्रथम भाव विचारीत नाही. ती सूप हाती घेते, उलटे करून त्याची पाठ पाहते, अंगठ्याने काठ दाबते, उजेडासमोर धरून विणीतील फटी न्याहाळते आणि शेवटी बोटाच्या पेराने तळावर टिचकी मारते. एवढ्या तपासणीत बांबू कोवळा होता की पक्व, बेळ सालीकडची आहे की आतल्या गराची, काठ घट्ट बांधला आहे की केवळ दिसण्यापुरता, हे तिला समजून येते. बेळ म्हणजे बांबू उभा चिरून काढलेली पातळ पट्टी. ही परीक्षा उरकल्यावरच घासाघीस सुरू होते आणि ती घासाघीस जाणत्या दोघांमधील असते.

हेच सूप पणजीच्या एखाद्या दुकानात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मोबाइलच्या पडद्यावर परक्या ग्राहकासमोर जाते, तेव्हा परिस्थिती पालटते. त्या ग्राहकाने आयुष्यात कधी धान्य पाखडलेले नसते. त्याला सूप भिंतीवर लावावयाचे असते, नाही तर फळे ठेवावयास हवे असते. त्याच्या दृष्टीने दोनशे तीस रुपयांचे सूप आणि साडेपाचशे रुपयांचे सूप ही दोन सारखीच सुपे होत. स्वस्त सूप घेणे त्याला साहजिकच शहाणपणाचे वाटते. कारागीर भाव अधिक सांगतो तो फसविण्यासाठी नव्हे, हे समजून घेण्याचे कोणतेही साधन ग्राहकाजवळ नसते.

अशा बाजाराचे काय होते याची मीमांसा जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारगाड्यांच्या उदाहरणावरून केली होती. चांगली गाडी आणि खराब गाडी यांतील फरक विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. म्हणून ग्राहक दोहोंना मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही आणि बाजारात हळूहळू खराब मालच उरतो. बांबूकामाला हे तंतोतंत लागू पडते. पक्व बांबू निवडून, भिजवून, सालीची बेळ काढणारा कारागीर आणि मिळेल तो बांबू चिरून दोन दिवसांत माल उभा करणारा कारागीर यांना एकच भाव मिळू लागला, तर पहिला लवकरच दुसऱ्याची रीत स्वीकारतो किंवा व्यवसाय सोडतो.

काम चालू असतानाची छायाचित्रे आणि त्यांखालच्या दोन-तीन ओळी, म्हणजेच चित्रओळी, यांचा खरा उपयोग येथे आहे. वाळपईच्या गृहिणीच्या बोटांत जे ज्ञान होते, ते परक्या ग्राहकाच्या हाती देणे हे चित्रओळीचे काम होय. केवळ शोभेसाठी किंवा भावना चाळविण्यासाठी लिहिलेली ओळ हे काम करू शकत नाही.

कोणते काम दिसत नाही

सत्तरी, डिचोली आणि पेडणे या तिन्ही तालुक्यांत बांबूच्या वस्तू पूर्वीपासून वापरात आहेत. सूप, रोवळी, डाली, परडी, टोपली या वस्तूंवाचून शेतकऱ्याचे घर चालत नसे. गोव्यात हे काम परंपरेने मुख्यत्वे महार समाजातील कुटुंबांनी सांभाळले. ज्या हातांना समाजाने मान दिला नाही, त्या हातांचा वेळही बाजाराने फुकटच धरला. सुपाची किंमत ठरविताना बांबूचे मोल आणि फार तर विणण्याची मजुरी विचारात घेतली जाई. त्याआधीचे श्रम कोणाच्या हिशेबात येत नसत आणि आजही बहुधा येत नाहीत.

वास्तविक बांबूकामाचा मोठा भाग वीण सुरू होण्यापूर्वीच पार पडलेला असतो. बांबूचा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो. पुढील दोन-तीन वर्षे तो उंचीने वाढत नाही, केवळ पक्व होत जातो. यामुळे बेटातील कोवळा आणि जून बांबू उंचीवरून ओळखता येत नाहीत. पहिल्या वर्षाच्या बांबूवर पांढरी भुकटी असते आणि पेरांवर कोंबाची वाळलेली आवरणे चिकटून राहिलेली असतात. जून बांबूची आवरणे गळालेली असतात, रंग मळकट होतो, सालीवर दगडफुलासारखे करडे डाग उमटतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यास खणखणीत आवाज येतो. विणण्याच्या बेळेसाठी बांबू थोडा लवचीक असावा लागतो, म्हणून दीड-दोन वर्षांचा चालतो. काठाच्या कामटीसाठी मात्र तीन वर्षे उलटलेलाच लागतो, कारण कोवळ्या बांबूचा काठ वाळताना आकसतो आणि बांधणी सैल पडते. तेव्हा एकाच सुपासाठी दोन वयांचे बांबू शोधावे लागतात.

तोडीचा हंगाम हीदेखील महत्त्वाची बाब आहे. बांबूमध्ये स्टार्च साठविलेला असतो आणि दोन-तीन मिलिमीटर लांबीचा एक तपकिरी भुंगेरा त्याच स्टार्चवर जगतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढविताना बेटातील साठा बराच खर्ची पडतो, म्हणून पाऊस संपल्यानंतर, साधारणतः ऑक्टोबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत तोडलेल्या बांबूला कीड कमी लागते. उन्हाळ्याच्या शेवटी घाईने तोडलेल्या बांबूचे सूप विकताना तितकेच सुबक दिसते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याच्याखाली पिठासारखी पिवळसर भुकटी साचू लागते आणि बेळेवर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात. ग्राहकाला फसल्याची जाणीव तेव्हा होते. दोष कोणत्या कारागिराचा हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो संपूर्ण बांबूकामालाच दोष देतो.

अमावास्येच्या पंधरवड्यात बांबू तोडण्याची रीत अनेक ठिकाणी पाळली जाते. रीत म्हणून तिचा उल्लेख चित्रओळीत करण्यास हरकत नाही. परंतु ग्राहकाला ती पडताळून पाहता येत नाही, म्हणून भाव तिच्यावर उभा करू नये.

तोडीनंतर बांबू दोन ते चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील स्टार्च बराच निघून जातो. पाण्याला उग्र दर्प येतो, तोच हे घडत असल्याची खूण होय. पूर्वी बेळांच्या जुड्या चुलीवरच्या माळ्यात धुरावर टांगीत, त्यानेही कीड दूर राहते. अलीकडे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांच्या सुमारे पाच टक्के द्रावणात बेळा भिजविण्याची पद्धत रुळली आहे. ती परिणामकारक आहे, पण हे द्रव्य पाण्यात पुन्हा विरघळते. ज्या रोवळीत तांदूळ धुवावयाचे तिला ही प्रक्रिया उपयोगी नाही आणि योग्यही नाही. कुडाळ येथील कोकण बांबू व केन विकास केंद्रासारख्या संस्थांत फर्निचर व बांधकामाच्या बांबूवर यंत्राच्या दाबाखाली प्रक्रिया करण्याची सोय असते. सूप-टोपलीच्या घरगुती कारागिराला मात्र बहुधा ओढ्याचे पाणी आणि चुलीचा धूर हीच साधने उपलब्ध असतात.

यानंतर चिराईचे काम येते. बांबूची बाहेरची साल कठीण व गुळगुळीत असते, कीड तिच्यात सहसा शिरत नाही. आतला गर मऊ आणि स्टार्चने भरलेला असतो. सालीकडची बेळ घेतली तर सूप टिकते, परंतु बांबूचा बराचसा भाग वाया जातो. गराची बेळही विणून वापरली तर त्याच बांबूतून कितीतरी अधिक माल निघतो. दोन सुपांच्या भावातील फरकाचे हे एक प्रमुख कारण आहे. सुपावर शेणाचा किंवा मेथीच्या लगद्याचा हात फिरविल्यानंतर तर जाणत्यालाही बेळ सहज ओळखता येत नाही.

एका घाण्याचा हिशेब

उदाहरणासाठी असे समजू की, वाळपईनजीकच्या एका कुटुंबाने एकाच तोडीच्या बांबूपासून दहा सुपे तयार केली. एकाच वेळी भिजवलेल्या व चिरलेल्या बांबूच्या मालास येथे घाणा म्हटले आहे. पुढील आकडे केवळ हिशेबाची पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येक कारागिराने आपले आकडे घड्याळ आणि वही घेऊन स्वतः काढावयाचे आहेत.

बांबूस 480 रुपये आणि बांधणीचे साहित्य, भिजवण व वाहतूक यांस 320 रुपये, असा सामग्रीचा खर्च 800 रुपये झाला. विणणे आणि काठ बांधणे या कामास दहा सुपांना मिळून 20 तास लागले. तासाला 75 रुपये धरल्यास ही मजुरी 1500 रुपये होते. एकूण 2300, म्हणजे सुपाला 230 रुपये. बाजारात मागितला जाणारा भाव साधारण याच विचाराने ठरलेला असतो, कारण ग्राहकाने कारागिराला काम करताना पाहिलेच असेल तर विणतानाच पाहिलेले असते.

आता वहीतील उर्वरित नोंद पाहावी. बेटात हिंडून योग्य वयाचे बांबू निवडणे, तोडणे आणि घरी आणणे यांत 8 तास गेले. तुकडे करून चिरण्यास 10 तास लागले. बेळ तासून एकसारखी पातळ करण्यास 7 तास, तर भिजवणे, उलटसुलट करणे, सुकविणे आणि खराब बेळा वेगळ्या काढणे यांस मिळून 3 तास लागले. हे 28 तास झाले. त्यांची मजुरी त्याच दराने 2100 रुपये होते. घाण्याचा खरा खर्च 4400 रुपये असून एका सुपास 440 रुपये पडतात. बाजारापर्यंतचा प्रवास, न विकलेला माल आणि हत्यारांची झीज यांसाठी 110 रुपये धरून कारागिराने 550 रुपये सांगितले, तर त्यात वावगे असे काहीच नाही.

अठ्ठेचाळीस तासांपैकी अठ्ठावीस तास पहिली बेळ दुसरीवर पडण्यापूर्वीच खर्च झाले, ही गोष्ट या हिशेबातून दिसून येते. बहुतेक कारागीर आणि त्यांच्यासाठी छायाचित्रे काढणारे हौशी लोक मात्र विणणारे हातच टिपतात. ते दृश्य सुंदर असते यात शंका नाही. परंतु भावातील ज्या भागाबद्दल ग्राहकाच्या मनात प्रश्न असतो, तो भाग त्या चित्रात नसतोच.

ओळ कशी लिहावी

याच घाण्याची पाच छायाचित्रे घेतली आहेत असे धरू. पहिले चित्र तोडीचे आहे. त्याखाली सामान्यतः अशी ओळ आढळते: ‘निसर्गाच्या सान्निध्यात बांबू तोडताना आमचे कारागीर.’ ही ओळ चित्रात दिसते तेच पुन्हा सांगते आणि कोणत्याही बांबूला, कोणत्याही गावाला चालते. तिच्याऐवजी अशी ओळ असावी: ‘डिसेंबरातील तोड, स्वतःच्या परसातील बेट. डावीकडचा करडे डाग असलेला बांबू काठासाठी घेतला. उजवीकडे पांढरी भुकटी दिसते तो या वर्षीचा, म्हणून राखून ठेवला.’ ही ओळ वाचणारा चित्राकडे पुन्हा पाहतो आणि डाग व भुकटी शोधतो. त्याच्या ज्ञानात भर पडते आणि ते ज्ञान तो पुढच्या खरेदीत वापरू शकतो.

बेट कोणाचे, हे सांगण्यास आणखीही एक कारण आहे. 2017 साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आले, त्यामुळे वनाबाहेरच्या जमिनीवर वाढविलेल्या बांबूची तोड व वाहतूक सुकर झाली. वनक्षेत्रातील बांबूला ही मोकळीक नाही आणि सत्तरीचा मोठा भाग 1999 साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यात मोडतो. परसातल्या बांबूचा माल आहे, ही माहिती दुकानदारालाही हवी असते.

दुसरे चित्र भिजवणीचे आहे. ते दिसावयास फारसे चांगले नसते. गढूळ पाणी आणि त्यात बुडालेले काळपट बांबू. पुष्कळ जण ते वगळतात. परंतु पुढील ओळीसह तेच सर्वांत उपयोगी ठरते: ‘बांबू एकवीस दिवस पाण्याखाली. कीड ज्या स्टार्चवर जगते तो पाण्यात उतरतो, म्हणून पाण्याला वास येतो. या सुपाला कोणतेही रसायन लावलेले नाही.’ रसायन लावले असेल तर तेही तितक्याच सरळपणे लिहावयास हवे: ‘बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात बेळा भिजवल्या आहेत. ही परडी कोरड्या वस्तूंसाठी आहे, पाण्याने धुवू नये.’ ही सूचना दिल्याने विक्री घटते असे वाटण्याचा संभव आहे. परंतु वस्तूची मर्यादा सांगणाऱ्या विक्रेत्याच्या इतर विधानांवरही ग्राहक अधिक विश्वास ठेवतो, आणि परडी धुऊन काळी पडल्याची तक्रारही येत नाही.

तिसऱ्या चित्रात चिरलेली बेळ उभी धरून तिची कड जवळून दाखविली आहे. ‘चकाकणारी बाजू सालीची, मऊ बाजू गराची. या सुपात फक्त सालीची बेळ वापरली आहे. सूप उलटे करून पाहा, प्रत्येक बेळेची एक बाजू गुळगुळीत लागेल.’ यातील शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. वाळपईच्या गृहिणीची कसोटीच ते ग्राहकाला शिकविते. ज्या विधानाची परीक्षा वस्तू हातात घेऊन करता येते, त्या विधानाला वेगळ्या प्रमाणपत्राची आवश्यकता राहत नाही. रेशमाला सिल्क मार्क आहे, हातमागाच्या कापडाला हातमाग चिन्ह आहे. घरगुती बांबूकामाला ग्राहकाच्या ओळखीचे असे चिन्ह नाही. तेव्हा हे काम चित्रओळीवरच येऊन पडते.

चौथे चित्र टाकून दिलेल्या बेळांच्या ढिगाचे घ्यावे. कारागिरांना ही सूचना विचित्र वाटते, कारण आपला खराब माल कोण दाखवील? पण ‘या घाण्यातील गाठ फुटलेल्या आणि डाग असलेल्या बेळा, यांचे सरपण झाले’ अशी ओळ वाचल्यावर, उरलेल्या बेळा निवडून घेतलेल्या आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. पाचवे चित्र काठ बांधण्याचे असावे, आणि त्यात बांधणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने द्यावे. विणीचे चित्र हवे असल्यास सहावे घ्यावे; त्यापुढे जाऊ नये. विक्रीच्या ठिकाणी उभा असलेला माणूस पाच-सहा चित्रांपलीकडे सहसा थांबत नाही.

छायाचित्रासाठी उत्तम कॅमेऱ्याची गरज नाही, साधा मोबाइल पुरतो. मात्र बेळेची कड, सालीवरचे डाग किंवा भुंगेऱ्याची भोके दाखवावयाची असल्यास उजेड बाजूने यावयास हवा. सकाळी किंवा उतरत्या दुपारी दाराच्या उंबऱ्याजवळ घेतलेले चित्र भर उन्हातील चित्रापेक्षा स्पष्ट येते. आकाराची कल्पना यावी म्हणून शेजारी एखादे नाणे ठेवावे. हीच चित्रे कागदावर छापून सुपाबरोबर टांगता येतात आणि दूरच्या ग्राहकाला मोबाइलवरून पाठविताही येतात. ओळी दोन्हीकडे त्याच राहू द्याव्यात.

श्रम सांगितल्याने भाव पटतो काय

या प्रश्नाचा काही अभ्यास परदेशात झाला आहे. 2004 साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकच कलाकृती वेगवेगळ्या गटांना दाखवून, तिला लागलेला वेळ कमी-अधिक सांगितला. अधिक वेळ लागल्याचे ज्यांना सांगितले होते, त्यांनी ती अधिक चांगली व अधिक किमतीची मानली. वस्तूचा दर्जा डोळ्यांनी ठरविणे जेथे कठीण होते, तेथे हा परिणाम अधिक दिसला. पुढे हार्वर्ड विद्यापीठातील एका भोजनगृहात सूपच्या, म्हणजे पिण्याच्या सारासारख्या पदार्थाच्या घटकवार खर्चाची पाटी लावून पाहण्यात आली, तेव्हा त्याची विक्री 21 टक्क्यांनी वाढल्याचे भाविका मोहन, रायन ब्युएल आणि लेस्ली जॉन यांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नोंदविले आहे.

हे निष्कर्ष जसेच्या तसे सत्तरीच्या बाजारास लावता येणार नाहीत. तेथील ग्राहक वेगळा, पदार्थ वेगळा. मात्र पहिल्या प्रयोगातून एक धोक्याची सूचनाही मिळते. ज्याला दर्जा ओळखता येत नाही त्याच्यावर तासांच्या आकड्याचा प्रभाव सर्वांत अधिक पडतो. म्हणजेच खोटा आकडा सांगून त्याला फसविणेही सर्वांत सोपे आहे. नुसते ‘अठ्ठेचाळीस तासांची मेहनत’ असे लिहिणारी ओळ या कारणाने अपुरी, आणि दहा सुपांचे तास एका सुपावर लिहिले गेल्यास सरळ खोटी ठरते. तास लिहावयाचे असतील तर ते कोणत्या कामाचे आणि किती नगांचे, हे त्याच ओळीत आले पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली असून विक्रीसाठी केलेले खोटे वर्णन तिच्यात येते. घरगुती व्यवसाय लहान आहे म्हणून खोटे वर्णन क्षम्य ठरते, असा समज कोणी करून घेऊ नये.

येथे एका प्रचलित सवयीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. कारागिराच्या दारिद्र्याचे चित्र पुढे करून भाव मागण्याची पद्धत अनेक प्रदर्शनांत आढळते. गळके छप्पर, सुरकुतलेला चेहरा आणि खाली करुणेची ओळ. अशा आवाहनाने एखादे सूप विकले जाते, परंतु ती खरेदी दान ठरते आणि दान करणारा सहसा वर्षातून एकदाच येतो. त्याहून गंभीर बाब अशी की, सूप चांगले आहे की नाही हा प्रश्नच तेथे बाजूला पडतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या परंपरेची ओळही जवळपास तशीच. परंपरा खरी असते, पण तीच ओळ शेजारच्या दुकानातील निकृष्ट मालाखालीही लिहिलेली असते.

सर्वच गोष्टी उघड कराव्यात असेही नाही. नव्या आकाराची परडी किंवा काठाची विशेष गुंफण एखाद्या कुटुंबाने स्वतः शोधून काढली असेल, तर ती पायरी-पायरीने दाखविण्याचे कारण नाही. ग्राहकाला बांबूचे वय, हंगाम, भिजवण व बेळ यांची माहिती हवी असते. गुंफणीचे रहस्य त्याच्या उपयोगाचे नसते, ते प्रतिस्पर्ध्याच्या उपयोगाचे असते. तसेच चित्रओळ प्रत्येक विक्रीस लागते असेही नव्हे. वाळपईच्या बाजारातील जाणत्या शेतकऱ्याला ती दाखविल्यास तो हसेल. पाखडण्यासाठी घेतलेल्या साध्या सुपाला तो साडेपाचशे रुपये देणार नाही आणि त्याचेही बरोबर आहे, कारण एक हंगाम चाललेले गराच्या बेळेचे सूप त्याच्या गरजेला पुरते. दोन प्रकारचा माल ठेवून दोहोंचा फरक उघड सांगणे, हाच यावर प्रामाणिक उपाय दिसतो.

चित्र आणि माल यांचे नाते

सर्वांत जास्त चुका होतात त्या येथे. पहिल्या वर्षी उत्साहाने चित्रे घेतली जातात. मागणी वाढल्यावर दुसऱ्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत विकत आणलेल्या बांबूचे सूप त्याच डिसेंबरच्या तोडीच्या चित्राखाली विकले जाते. यामागे फसविण्याचा हेतू असतोच असे नाही. पाटी तयार आहे, ती टांगली जाते. परंतु पावसाळ्यानंतर भुकटी पडू लागली की ग्राहकाला प्रथम ते चित्रच आठवते, आणि ज्याने काहीच सांगितले नव्हते त्या विक्रेत्यापेक्षा ज्याने सांगितले त्याच्यावरचा राग अधिक असतो.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक घाण्याला एक क्रमांक द्यावा आणि तो काठाच्या आतील बाजूस रंगीत दोऱ्याच्या गाठींनी किंवा डागणीने नोंदवावा. तोच क्रमांक चित्रओळीत यावा: ‘घाणा तिसरा, तोड डिसेंबर, दहा सुपे.’ वहीत त्या घाण्यासमोर बेट, तोडीची तारीख, भिजवणीचे दिवस, कामाचे तास आणि टाकून दिलेला माल यांची नोंद असावी. बाहेरून बांबू आणला असेल तर घाण्याचे चित्र नवे घ्यावे किंवा तोडीचे चित्र सरळ काढून टाकावे आणि भाव त्याप्रमाणे उतरवावा. अशी वही प्रदर्शनाच्या किंवा सरकारी भांडाराच्या चालकांना दाखविता येते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत टोपली विणणाऱ्यांचा समावेश आहे आणि तीत विपणनाच्या साहाय्याची तरतूद आहे. त्या कामीही तयार नोंदी उपयोगी पडतात.

परत आलेल्या मालाची नोंदही त्याच वहीत व्हावी. एखादे सूप किडले म्हणून परत आले, तर गाठी पाहून घाणा समजतो. त्याच घाण्यातील दुसरे सूप घरी शिल्लक असल्यास ते पांढऱ्या कागदावर दोन दिवस ठेवून पाहावे. कागदावर भुकटी पडली तर दोष संपूर्ण घाण्याचा, म्हणजे तोडीचा किंवा भिजवणीचा आहे. न पडल्यास ते एकटेच सूप किडक्या जागी ठेवले गेले असण्याचा संभव आहे. सुपावर नुसते काळे ठिपके असतील आणि भोके नसतील तर ती कीड नव्हे, पावसाळी हवेतील बुरशी होय. ओल्या फडक्याने पुसून कडक उन्हात ठेवल्यास ती जाते, आणि हे विक्रीच्या वेळी चिठ्ठीवरच लिहून दिलेले बरे. पावसाळा उलटल्यावर प्रत्येक घाण्यासमोर दोन आकडे लिहावयाचे असतात : किती गेली आणि किती परत आली. पुढील डिसेंबरात नव्या तोडीचे चित्र घेताना त्याखाली एक ओळ अधिक घालता येते: ‘गेल्या वर्षीच्या तिसऱ्या घाण्यातील दहा सुपांपैकी एक परत आले, ते बदलून दिले.’